पाच किलो पनीर गेलं कुठे?

आमच्या रेस्टॉरंटच्या सगळ्या शाखांची माखनी ग्रेव्ही सेंट्रल किचनमध्ये बनते. ERPNext या ईआरपी सॉफ्टवेअरमध्ये प्लेटमागे ग्रेव्हीचा खर्च साडेपंधरा रुपये दिसतो, पण महिन्याचा हिशेब जुळत नाही. असं का?

तुमच्या बीओएममध्ये, म्हणजे ग्रेव्हीला लागणाऱ्या कच्च्या मालाच्या यादीत, कढईत पडलेल्या मालाचं वजन तयार ग्रेव्हीचं वजन म्हणून भरलेलं असणार. समजा, १,४४० रुपयांचा १४ किलो माल शिजवला आणि आटून १२ किलो ग्रेव्ही उतरली. १४ ने भागलं तर किलोला सुमारे १०३ रुपये येतात, १२ ने भागलं तर १२०. प्लेटला १५० ग्रॅम धरलं की साडेपंधरा आणि १८ रुपये, हा फरक पडतो. म्हणून बीओएमचं उत्पादन १२ किलो ठेवा आणि दर बॅचला तयार ग्रेव्ही काट्यावर तोलून तेवढाच आकडा नोंदवा. टोमॅटो पाणचट आले की उतारा बदलतो.

ERPNext मध्ये बिल होतं, पण शाखेचं पनीर कमी होत नाही. असं का?

बीओएम उत्पादनाच्या नोंदीला लागतो, बिलाला नाही. डिशच्या आयटमवर `Maintain Stock` बंद करा आणि तिचं `Product Bundle` बनवा: पनीर ०.१०० किलो, ग्रेव्ही ०.१५० किलो, बटर ०.०१० किलो. बंडलच्या आत बंडल चालत नाही, म्हणून ग्रेव्ही साठ्याचा वेगळा आयटमच राहू द्या. `POS Profile` मध्ये त्याच शाखेचं `Warehouse` हवं, नाहीतर माल भलत्याच शाखेतून वजा होतो. `POS Invoice` वापरत असाल तर साठा `POS Closing Entry` नंतर घटतो; त्याआधी केलेली मोजणी चुकीचीच दिसेल.

एका शाखेत आठवड्याला पाच किलो पनीर कमी भरतं. चोरी समजायची का?

इतक्यात नको. सुरुवातीला १२ किलो होतं, ४० किलो आलं, शेवटी ९ उरलं, म्हणजे खप ४३ किलो. ३८० प्लेट विकल्या, त्यांना ३८ किलो लागायला हवं होतं. पाच किलोची तूट म्हणजे प्लेटमागे १३ ग्रॅम.

आधी नोंदी तपासा: वाटेतला माल दोनदा धरला का, स्टाफचं जेवण आणि फेकलेलं पनीर लिहिलं का, 'एक्स्ट्रा पनीर' बिलात आलं पण बंडलमध्ये नाही असं झालं का. मग रोजची मोजणी आठ दिवस घ्या. तूट प्लेटच्या संख्येबरोबर वाढत असेल तर प्लेटमध्ये पनीर घालणाऱ्याचा हात सैल आहे. स्वयंपाक्यांकडून दहा प्लेटचं पनीर तोलून घ्या. तूट एखाद्या दिवशीच येत असेल तर त्या दिवसाची आवक, नासाडी आणि ड्यूटीवरची माणसं पाहा.

मोजणी रात्री, दिवसाचं बिलिंग बंद झाल्यावर आणि सकाळचा माल उतरण्याआधी व्हावी. `Stock Reconciliation` मात्र फरक पाहिल्याशिवाय सबमिट करू देऊ नका. ते साठा मोजणीइतका करून फरक ॲडजस्टमेंटच्या खात्यात टाकतं, आणि शाखा व्यवस्थापक रोज ते करत राहिला तर साठ्याच्या अहवालात तूट कधी दिसतच नाही.