शॉर्ट सेलिंग: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्याकडे शेअरच नाहीत, तर मी ते विकणार कसे?

उसने घेऊन. ज्याला ते इतक्यात विकायचे नाहीत, अशा कुणाकडून ब्रोकरमार्फत 100 शेअर घ्यायचे, त्यासाठी शुल्क आणि मार्जिन, म्हणजे तारण म्हणून ठेवायची रक्कम, भरायचं आणि शेअर आजच्या भावाने विकायचे. पुढे भाव उतरला की तेवढेच विकत घेऊन परत करायचे. मधला फरक, खर्च वजा जाता, तुमचा. मध्येच लाभांश जाहीर झाला, तर तेवढी रक्कम मूळ मालकाला तुम्हीच द्यायची. लक्षात ठेवा, तुम्ही पैसे नव्हे तर शेअर देणं लागता, आणि परतफेडीच्या दिवशी त्यांचा भाव काय असेल हे तुमच्या हातात नसतं.

प्रश्न: मी 10 हजार लावले, तर जास्तीत जास्त 10 हजारच जातील ना?

नाही. शेअर विकत घेतला, तर भाव शून्याखाली जात नाही, म्हणून तोट्याला तळ असतो. वर जायला मात्र छत नाही. 2008 चं फोक्सवॅगनचं उदाहरण घ्या. ऑक्टोबरच्या अखेरीस शेअर 210 युरोंच्या आसपास होता आणि तो पडणार म्हणून अनेक फंडांनी शॉर्ट केला होता. 26 तारखेला, रविवारी, पोर्शने जाहीर केलं की 42.6 टक्के शेअर आपल्याकडे आहेत आणि आणखी 31.5 टक्क्यांवर ऑप्शन्स, म्हणजे भाव आधीच बांधून घेणारे करार, आहेत. सुमारे 20 टक्के लोअर सॅक्सनी राज्याकडे होते. म्हणजे बाजारात फिरणारे शेअर जेमतेम 6 टक्के, आणि शॉर्टवाल्यांना परत करायचे शेअर त्याहून बरेच जास्त! ज्याला त्याला घ्यायचेच होते, विकायला कुणी नव्हतं. मंगळवारी भाव 1,000 युरोंच्या वर गेला.

समजा, कुणी 210 ला 100 शेअर विकले होते आणि 10,500 युरो मार्जिन भरलं होतं. हाती आले 21,000. हजाराच्या भावाने परत घ्यायला लागले एक लाख. तोटा 79,000 युरो, म्हणजे मार्जिनच्या साडेसात पट. शेअर शून्यावर आला असता, तरी नफा 21,000 च्या पुढे गेला नसता. शिवाय ‘थांबू, भाव उतरेल’ म्हणायचीही सोय नसते. भाव चढला की ब्रोकर आणखी मार्जिन मागतो, आणि ते नाही भरलं, तर तो स्वतःच तुमचा सौदा कापतो. फोक्सवॅगन पुढे उतरला, पण ज्यांना वरच्या भावात शेअर परत विकत घ्यावे लागले, त्यांना त्याचा उपयोग झाला नाही.

प्रश्न: मी फक्त इंट्राडे शॉर्ट करतो, म्हणजे विकून त्याच दिवशी परत घेतो, आणि भाव ठरावीक पातळीवर चढला की आपोआप खरेदी व्हावी म्हणून स्टॉपलॉस लावतो. मग धोका कुठे?

अप्पर सर्किटमध्ये, म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त जिथवर चढू शकतो त्या मर्यादेवर. तिथे शेअर अडकला की विकणारेच उरत नाहीत. स्टॉपलॉस लागतो, पण खरेदीची ऑर्डर नुसती पडून राहते आणि बाजार बंद होतो. तुम्हाला डिलिव्हरी देता येत नाही, म्हणून एक्स्चेंज ते शेअर लिलावात घेतं, आणि तिथला चढा भाव व दंड तुमच्या खात्यातून वळता होतो. ज्या शेअरवर फ्युचर्स-ऑप्शन्स नाहीत आणि ज्याची उलाढाल कमी आहे, तो शॉर्ट करण्याआधी त्याचं सर्किट किती टक्क्यांवर आहे ते पाहा. दुपारी विक्रीच्या बाजूच्या ऑर्डरी झपाट्याने रोडावू लागल्या, तर स्टॉपलॉसची वाट न बघता सौदा तिथेच कापा.