सही तिची, शब्द कुणाचे?

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझी कथा दोनदा वाचली. मुलगी मला आवडली. डोंबिवलीहून रोज फोर्टला येणारी, नोकरीत नवी, घरातली पहिली सरकारी कर्मचारी. अधीक्षकही ओळखीचे वाटले. पण ज्या प्रसंगासाठी तू कथा लिहिलीस, तिथेच ती मला खोटी वाटली. ती फाईल टेबलावर आपटते, 'मी तुमची गुलाम नाही' म्हणते आणि सगळी शाखा टाळ्या वाजवते. मी भांडार शाखेत नोकरी केली आहे. वरिष्ठावर ओरडलेली माणसंही पाहिली आहेत. ओरडणाऱ्याचं म्हणणं काय होतं, हे दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नसे. तो ओरडला, एवढंच लक्षात राही. तुझ्या मुलीचं म्हणणं महत्त्वाचं आहे, म्हणून ते ऐकू आलं पाहिजे.

आधी अधीक्षकांचा दरारा नेमका कशात आहे ते शोध. तू त्यांना खेकसायला लावलंस. लेटमार्कची धमकी दिलीस, पावणेदहाला हजेरीपट उचलून केबिनमध्ये ठेवलास. हे सगळं खरं आहे, पण वरवरचं आहे. कार्यालयातली खरी जरब फाईलवरची टिप्पणी सांगण्यात असते. अधीक्षक खुर्चीमागे उभे राहतात आणि सांगतात, 'लिहा मॅडम, उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने…' ती लिहिते. एखादा शब्द तिने बदलला की ते म्हणतात, 'विचार तुम्ही करू नका, लिहा.' शेवटी खाली डाव्या कोपऱ्यात सही करायची ती तिने. शब्द त्यांचे, सही तिची. असं वर्षभर चाललेलं दाखव. मग ज्या दिवशी ती आपल्या सहीच्या वर आपलं वाक्य लिहील, त्या दिवशी वाचक स्वतःच सावरून बसेल.

आता प्रसंग. तुझ्या कथेत नुसती 'चुकीची फाईल' आहे. कसली फाईल, काय चुकीचं, हे कळत नाही. मी एक सुचवते, पटलं तर घे.

मार्चचा शेवटचा आठवडा आहे. कार्यालयाने 40 लोखंडी कपाटांचा पुरवठा आदेश दिला होता. टेम्पो आला, 28 कपाटं उतरली. मालासोबत आलेल्या चलनावर 28 असंच लिहिलंय आणि ती उतरवून घेणाऱ्या शिपायाची सही आहे. उरलेली 12 एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात देतो असं पुरवठादार म्हणतो. बिल मात्र त्याने 40 चं पाठवलंय. बिलाच्या मागच्या बाजूला रबरी शिक्का मारतात, त्यातला मजकूर साधारण असा असतो : 'प्रमाणित करण्यात येते की, साहित्य सुस्थितीत प्राप्त झाले असून त्याची नोंद डेड स्टॉक रजिस्टर पान क्र. … वर घेतली आहे.' त्याखाली भांडार सांभाळणाऱ्या कनिष्ठ लिपिकाची, म्हणजे तिची सही. मग अधीक्षक, मग आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे कार्यालयाचे पैसे काढायचा अधिकार असलेले साहेब. तिथून बिल अधिदान व लेखा कार्यालयात जातं. मुंबईत सरकारी बिलं तिथे पारित होतात, जिल्ह्यात तेच काम कोषागार करतं. 31 मार्चपर्यंत पैसे निघाले नाहीत तर अनुदान व्यपगत होतं, म्हणजे पैसे परत जातात.

म्हणून अधीक्षक म्हणतात, 'चाळीस लिहा. बारा कपाटं आठवड्यात येतायत.'

त्यांना खलनायक करू नकोस, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांच्या खिशात पुरवठादाराचा एक पैसाही जाऊ देऊ नकोस. पैसे परत गेले तर पुढच्या वर्षी 'तुम्हाला खर्च करता येत नाही' म्हणत तरतूद कापली जाते, हे त्यांनी भोगलं आहे. फायली जमिनीवर पडून वाळवीने खाल्लेल्या त्यांनी पाहिल्या आहेत. कपाटं त्यांना मनापासून हवी आहेत. त्यांना वाटतं, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. असा माणूस चुकीचं सांगतो तेव्हा त्याला नाही म्हणणं जास्त अवघड असतं, आणि कथा तिथेच सुरू होते.

कारण त्यांचं म्हणणं ऐकायला सरळ असलं तरी आत काय आहे ते बघ. न आलेल्या मालाचे पैसे आधी देऊन टाकायचे. एप्रिलमध्ये पुरवठादाराने फोन उचलणं बंद केलं, तर कार्यालयाच्या हातात काही उरत नाही. रजिस्टरवर 40 आणि खोलीत 28. लेखापरीक्षण पथक येतं तेव्हा कपाटं मोजतं, आणि मोजणीत 12 कमी भरली की आधी विचारतं, प्राप्त झाल्याचं प्रमाणपत्र कुणी दिलं? तिथे तोंडी सूचना दिसत नाही, सही दिसते. वसुलीची भाषा तिच्यापासून सुरू होते.

पण ती केवळ या भीतीने नाही म्हणते असं दाखवू नकोस. भीती असू दे. मुख्य गोष्ट अशी की ती सकाळी स्वतः त्या खोलीत जाऊन कपाटं मोजून आली आहे. खडूने प्रत्येकाच्या दारावर आकडा टाकला आहे, शेवटचा 28. हातावर अजून खडू आहे आणि समोर शिक्क्याचा मजकूर आहे. एवढं जवळून दाखवलंस तर तिच्या मनात काय चाललंय ते वेगळं सांगावं लागणार नाही.

यानंतर कथेतली सगळ्यात नाजूक जागा येते. शेजारच्या टेबलावर एक वरिष्ठ लिपिक ठेव, निवृत्तीला आलेले, भले गृहस्थ. जेवणाच्या सुट्टीत ते डबा उघडता उघडता तिला सांगतात, 'अगं, चाळीस लिही आणि टिप्पणीत घाल, अधीक्षकांच्या तोंडी सूचनेनुसार. तू सुटलीस.' हा सल्ला मूर्खपणाचा नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मध्ये वरिष्ठांनी आदेश शक्यतो लेखी द्यावेत, तोंडी दिला तर त्याला लेखी दुजोरा द्यावा, असं आहेच. त्या वरिष्ठ लिपिकांनी आयुष्यभर असंच स्वतःला वाचवलं आहे. वाचकालाही क्षणभर वाटलं पाहिजे की हाच शहाणा मार्ग. तिलाही ते वाटू दे, दुपारभर ती त्यावर विचार करू दे. मग तिच्या लक्षात येईल की यात असहमती कुठेच नाही. तिने 40 च लिहायचं, फक्त दोष दुसऱ्याच्या दारात ठेवायचा. शिवाय बिलामागच्या प्रमाणपत्रात 'तोंडी सूचनेनुसार' लिहायला जागाच नसते. तिथे माल आला किंवा नाही आला, एवढंच असतं.

तिचं धाडस मला तिने पुढे केलेल्या कामात दिसतं. ती पुरवठा आदेश काढून वाचते. त्यात टप्प्याटप्प्याने पुरवठा झाल्यास प्राप्त मालाचं बिल देता येईल अशी अट असते. ती पुरवठादाराला फोन करून 28 चं सुधारित बिल उद्या सकाळी पाठवा म्हणून सांगते. नुसतं 'नाही' म्हणून ती थांबत नाही, वेळेत होईल असा मार्ग शोधते. हे सविस्तर लिही, फोनवर पुरवठादाराचा माणूस तिला कसा टाळतो तेही येऊ दे. मग ती टिप्पणी लिहिते, आणि ती टिप्पणी कथेत जशीच्या तशी छापावी असं मला वाटतं :

'पुरवठा आदेशानुसार मागणी 40 नग. चलनानुसार व प्रत्यक्ष मोजणीनुसार प्राप्त 28 नग. 28 नगांची नोंद डेड स्टॉक रजिस्टरवर घेतली आहे. पुरवठादाराकडून 28 नगांचे सुधारित देयक मागविले असून ते याच आर्थिक वर्षात सादर करता येईल. उर्वरित 12 नगांची रक्कम समर्पित करून पुढील वर्षी मागणी करावी किंवा कसे, आदेशार्थ सादर.'

समर्पित करणं म्हणजे न वापरलेले पैसे सरकारला परत करणं. बघ, यात अधीक्षकांचा उल्लेख नाही. 'चूक', 'दबाव', 'नियमबाह्य' यांपैकी एकही शब्द नाही. तरीही शाखेतला प्रत्येकजण हा कागद वाचून समजेल की काय घडलं. तुझी कथा आजची असेल आणि कार्यालयात फायली संगणकावर चालवणारं ई-ऑफिस असेल, तर एक बारकावा उपयोगी पडेल. मसुदा असेपर्यंत टीप पिवळी असते आणि बदलता येते. हिरवी होऊन पुढे गेली की तिच्यात फेरफार होत नाही. ते बटण दाबण्याआधी तिला जरा थांबव.

अधीक्षक काय करतात? फाडत नाहीत, ओरडतही नाहीत. ते तिच्या सहीखाली लिहितात, 'वरील टिप्पणीशी सहमत नाही. निकड विचारात घेता संपूर्ण देयक सादर करावे,' आणि फाईल वर पाठवतात. तो त्यांचा हक्क आहे आणि त्यांनी तो उघडपणे वापरला, म्हणून मला तेही आवडतील. वरचे अधिकारी निर्णय टाळायला दोन शब्द लिहितात : 'चर्चा करावी.' ज्याने नोकरी केली आहे तो वाचक इथे हसेल.

मग केबिन. अधीक्षक आधी बोलतात, पाच मिनिटं, अनुभवाने. ती उभीच आहे. अधिकारी तिच्याकडे बघून विचारतात, 'तुमचं काय?' इथे तू मूळ कथेत पानभर भाषण दिलं होतंस. ते सगळं काढ. तिला एवढंच म्हणू दे : 'सर, कपाटं अठ्ठावीस आहेत. चाळीस आली असं मला लिहिता येणार नाही.' आवाज कापला तर कापू दे. अधिकारी सुधारित बिलाचं विचारतात, ती कागद पुढे करते. 28 वर सही होते.

टाळ्या नकोत. अधीक्षक तिला चहाला बोलवून शाबासकीही देणार नाहीत, तो मोह टाळ. एप्रिलमध्ये तिचं टेबल बदलतं. तिला अभिलेख कक्षात पाठवतात, जुन्या फायली अ, ब, क, ड अशा वर्गात लावायला. खाली तळघरात, पंखा एकच, मे महिना समोर. आदेशात 'कार्यालयीन सोयीसाठी' असं कारण असतं. घरी ती हे आईला कसं सांगते, तो संवाद मात्र मला वाचायचा आहे, कारण आईच्या दृष्टीने सरकारी नोकरीत साहेबांशी वाद म्हणजे संकट. ती आई तुझ्या पहिल्या मसुद्यात दोन ओळींत संपली होती, तिला पान दे.

12 कपाटांचं पुढे काय झालं, हे तू ठरव. आली तरी चालतील. पुरवठादार खरा निघाला आणि अधीक्षक म्हणाले, 'बघा, आली की नाही?' तरीही तिचं 28 बरोबरच होतं, हे वाचकाला पटलं तर कथा जमली असं मी समजेन. माझ्या मते ती यावीतच. माल बुडाला तर ती भविष्य जाणणारी ठरते, आणि तिला भविष्य ठाऊक नव्हतं. तिला फक्त खोलीतली कपाटं ठाऊक होती.

नवा मसुदा झाला की पाठव. केबिनचा प्रसंग आधी लिही, बाकीचं त्याला धरून जमेल.

तुझी,
काकू