साहेबांना सांगायचं ते

प्रिय मुली,

काल तुझा फोन ठेवला आणि पहिलं काम केलं ते कॅलेंडर उतरवून बोटं मोजायचं. डॉक्टरांनी 20 फेब्रुवारी तारीख दिलीय म्हणतेस. म्हणजे तू नेमकी मार्चएंडला रजेवर असणार. अकाउंट्समध्ये बसणारीनं हे साहेबांना कधी नि कसं सांगायचं, हाच तुझा प्रश्न होता.

तीन महिने कुणाला बोलायचं नाही, हे सासूबाईंचं म्हणणं मोडू नकोस. तेराव्या आठवड्यापर्यंतची सोनोग्राफी होऊ दे. मात्र शिरोलीच्या बसमध्ये रोज उलट्या होऊन उशीर व्हायला लागला, तर तेवढं थांबू नकोस. कारण न कळता उशीर दिसला की साहेब मनाशी भलतंच काहीतरी ठरवतात.

माझं काय झालं ते सांगते. तेव्हा रजा 12 आठवड्यांचीच होती. मी सातव्या महिन्यापर्यंत गप्प बसले आणि साहेबांना ते कॅन्टीनमध्ये दुसऱ्याकडूनच कळलं. मग मी घाबरून "लवकर येते हं" म्हणून गेले. त्या "लवकर"चा अर्थ त्यांनी दोन महिने असा लावला. पाळण्याजवळ बसून व्हाउचरच्या शंकांना फोनवर उत्तरं देत होते मी!

म्हणून आधी दोन तारखा कागदावर लिही. पहिल्या दोन अपत्यांपर्यंत 26 आठवडे भरपगारी रजा 2017 पासून आहे आणि त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. तुझ्या हिशेबानं 26 डिसेंबरच्या आधी रजा सुरू होत नाही. पण तब्येत बरी असेल तर पाच आठवडे आधी, म्हणजे 16 जानेवारीला थांब. मग रजा 16 जुलैपर्यंत पुरते आणि 17 ला तू कामावर. आधीचे दिवस जितके जास्त खर्चशील तितके बाळाजवळचे कमी होतील, एवढाच हिशेब. अट एकच, प्रसूतीच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं हवं. तुझं ते कधीच झालंय. पगारातून ईएसआय कापली जात असेल तर पैसे कंपनीकडून नाही, तिकडून येतील; तेवढी पगारपत्रक बघून खात्री करून घे.

आता वेळ. 20 ऑगस्टचं जीएसटी रिटर्न भरून झालं की दुसऱ्या दिवशी दुपारी, चहानंतर, दोन मिनिटं मागून घे. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, सोमवारच्या मीटिंगमध्ये तर मुळीच नको. दार लोटून घे आणि सरळ सांग, "साहेब, एक आनंदाची बातमी आहे. मला दिवस गेलेत, फेब्रुवारीची तारीख आहे. साधारण 16 जानेवारीपासून रजा घ्यायचा विचार आहे आणि जुलैच्या मध्यावर परत येईन. तारीख थोडी मागेपुढे होऊ शकते. मार्चएंडचं काय करायचं, ते आत्तापासून ठरवता यावं म्हणून लवकर सांगतेय."

बघ, यात "मिळेल का" नाही आणि "सॉरी"ही नाही. रजा मागायची नाहीये, कळवायची आहे. मात्र आवाज चढवून कायद्याची कलमं वाचून दाखवू नकोस, पहिल्याच दिवशी भांडण कशाला?

ते बहुतेक आधी अभिनंदन करतील, मग डोकं खाजवत "अगं, पण मार्च!" म्हणतील. तेव्हा दोनच गोष्टी पुढे कर. पार्टींचे लेजर जुळवायचं काम नोव्हेंबरपासून महिन्याच्या महिन्याला करत आणू, म्हणजे मार्चला डोंगर राहणार नाही. आणि डिसेंबरची रिटर्न्स दुसऱ्या कुणाला तरी शेजारी बसवून भरते. तो माणूस कोण, ते मात्र त्यांनाच ठरवू दे. माणूस शोधायची जबाबदारी अंगावर घेतलीस की तो सुट्टीवर गेला तरी फोन तुलाच येईल.

"जरा लवकर येशील ना?" हा प्रश्न हमखास येणार. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत तर कामावर घ्यायलाच कायद्याची मनाई आहे. पुढचं, "तेव्हाचं तेव्हा बघू साहेब, आत्ता जुलै धरा" म्हणायचं आणि विषय बदलायचा. राजीनामा किंवा बिनपगारी रजेचा कागद पुढे आला तर "घरी वाचून देते" म्हण आणि आधी मला फोन कर.

हे सगळं झालं तोंडी. तोंडी बोलणं नोटीस धरलं जात नाही. साहेबांचं ऐकून आलीस की त्याच संध्याकाळी एचआरला प्रत लावून तीन ओळींची मेल टाक: आज बोलणं झालं, अंदाजे तारखा या, रीतसर अर्ज डॉक्टरांच्या दाखल्यासह नंतर देते. रीतसर अर्ज डिसेंबरच्या सुरुवातीला दे आणि पोच घ्यायला विसरू नकोस.

मेल पाठवायच्या आधी मला वाचून दाखव. तुझ्या मेलमध्ये "कृपया" फार असतात.

तुझी मावशी
कोल्हापूर