निवडून आलेल्या ग्रामपंचायतीमुळे कारभार खरंच सुधारतो का?

प्रश्न: विकेंद्रीकरणाच्या पेपरसाठी विचारतोय, निवडून आलेल्या ग्रामपंचायतींमुळे उत्तरदायित्व आणि सेवा सुधारतात का?

उत्तर: सुधारतात, पण ज्या कामाचा पैसा आणि माणूस पंचायतीच्या हातात आहे तेवढ्याच कामात.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावचं सांगते. ऐन मे महिन्यात नळयोजनेची मोटर जळाली. सकाळी सात वाजता बायका रिकामे हंडे घेऊन सरपंचाच्या दारात. पाणीपट्टीचा पैसा पंचायतीच्याच खात्यात होता, त्यामुळे मोटर बांधून तिसऱ्या दिवशी पाणी आलं. त्याच वर्षी शाळेत एक शिक्षक कमी होता. तिथे सरपंच फक्त पत्रं लिहीत राहिले, कारण नेमणूक जिल्हा परिषद करते. मत मागायला आलेल्या माणसाला जाब विचारता येतो, पण त्याच्या हातात काही नसेल तर तो देणार काय?

राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी 29 विषय आहेत, पण ते राज्याने सोपवले तरच पंचायतीकडे येतात. ग्रामसेवकाचंही तसंच. खातं सरपंचासोबत तो चालवतो, पण त्याच्यावर कारवाई वरून होते, गावातून नाही.

पेपरात चट्टोपाध्याय आणि डुफ्लो यांचा 2004 चा अभ्यास जरूर घ्या. पश्चिम बंगाल आणि राजस्थानात चिठ्ठी टाकल्यासारख्या पद्धतीने सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव झालं, तिथे पिण्याच्या पाण्यावरचा खर्च वाढला. म्हणजे निवडून कोण येतं, यानेही फरक पडतो.

गावात पडताळायचं असेल तर ग्रामसभेचं इतिवृत्त आणि रोकडवही शेजारी ठेवा. ठराव झालेलं काम खर्चात दिसतं का, तेवढं बघा.