बांधणी, शिबोरी, टाय-डाय: रंग कुठे अडला ते बघा

"बांधणी, शिबोरी आणि टाय-डाय या तिन्हींत कापड बांधूनच रंगवतात ना? मग फरक नेमका कशात असतो? आणि तयार कापड हातात घेतल्यावर ओळखायचं कसं?"

रंग शिरू नये म्हणून कापडाचा काही भाग दाबून ठेवायचा, ही युक्ती तिघांतही आहे. पण तो दाब बांधणीत एका ठिपक्याएवढ्या जागेवर असतो, शिबोरीत बहुतेक वेळा रेषेवर किंवा घडीवर, आणि टाय-डायमध्ये अख्ख्या गुंडाळीवर सैलसर. कापडावर जे दिसतं त्याचं मूळ यात आहे.

बांधणीपासून सांगते, कारण माझा हात त्यात जास्त बसला आहे. कच्छ-जामनगरकडच्या पद्धतीत कापडाची आधी चौपदरी घडी घालतात. भोकं पाडलेला प्लास्टिकचा कागद त्यावर ठेवून गेरूचं पाणी फिरवलं की ठिपक्यांची नक्षी उतरते. मग कापड खालून नखाने टोचून वर उचलायचं. वर आलेलं ते इवलंसं टोक धरायचं आणि त्याच्या बुडाशी दोऱ्याचे ताणून वेढे द्यायचे. नख वाढवलेलं नसेल तर टोकदार अंगठी घालतात. दोरा एका बारीक नळीतून येतो, तिला तिकडे भूंगळी म्हणतात. दोरा दर ठिपक्याला तोडत नाहीत. शेवटच्या वेढ्यात अडकवून तसाच पुढच्या टोकाकडे नेतात. म्हणून रंगवून वाळलेलं कापड दोन्ही बाजूंनी धरून खेचलं की गाठी तडतड सुटत जातात. विकताना काही भाग मुद्दाम बांधलेला ठेवतात, तो गिऱ्हाईकासमोर असाच खेचून दाखवतात.

आता तो ठिपका जवळून बघा. वेढे बुडाशी असतात, टोकाचं अगदी शेंड्याचं कापड उघडंच राहतं. त्यामुळे शेंडा रंग पितो आणि वेढ्याखालची पट्टी कोरी राहते. उलगडल्यावर पांढरं कडं आणि त्याच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा रंगाचा बिंदू दिसतो. कडंही पूर्ण गोल नसतं, किंचित चौकोनी असतं, कारण चिमटीत धरताना कापडाला घड्या पडतात. चार पदर एकदम बांधलेले असल्यामुळे तीच नक्षी चारही चतुर्थांशांत उमटते, मात्र वरच्या आणि आतल्या पदरातलं कडं थोडं लहानमोठं येतं.

रंगांचा क्रम नेहमी फिक्याकडून गडदाकडे. समजा लाल जमिनीवर पांढरे आणि पिवळे ठिपके हवे आहेत. पांढरे ठेवायचे ते कोऱ्या कापडावरच बांधायचे आणि कापड पिवळ्यात बुडवायचं. मग पिवळे राहायला हवेत ते बांधायचे, आधीच्या गाठी तशाच ठेवायच्या, आणि सगळं लाल रंगात घालायचं. पिवळ्यावर चढलेला लाल उबदार दिसतो, बांधणीच्या लालाची ती झाक तिथूनच येते. यात चूक झाली की लपत नाही. एक वेढा सैल पडला तर तेवढंच कडं गुलाबीसर होतं. कापड रंगात घालण्याआधी साध्या पाण्यात भिजवून पिळतात, तेही यासाठीच. गाठीतले धागे आधीच पाण्याने भरलेले असले की रंग त्यांच्यात सहज सरकत नाही. सुरुवातीला मी हे टाळत असे. माझ्या पहिल्या दुपट्ट्याचे निम्मे ठिपके त्यामुळे कडेने फुटले होते.

शिबोरी हा जपानी शब्द, पिळणे-आवळणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. नागोयाजवळचं आरिमात्सु हे त्याचं जुनं गाव. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे हे काम चालत आलं आहे. शिबोरी हे खरं तर एक मोठं कुटुंब आहे. त्यातली कानोको म्हणजे आपल्या बांधणीची सख्खी बहीण: हरणाच्या पाडसाच्या पाठीवर असतात तसे ठिपके. नुसता ठिपका बघून या दोघींत फरक करणं मलाही जड जातं. तिथे नक्षीची मांडणी, कापड आणि रंग बघावे लागतात.

पण आपल्याकडे शिबोरी म्हणून जे मिळतं ते बहुधा दुसऱ्या दोन तऱ्हांचं असतं. एकीत साधा धावदोरा जवळजवळच्या समांतर ओळींत घालतात, सगळे दोरे एकदम खेचून कापडाच्या घट्ट चुण्या करतात आणि गाठ मारतात. रंगवून दोरे काढले की लाकडाच्या रेषांसारखी नक्षी येते. तिला मोकुमे म्हणतात. या कापडावर टाक्यांच्या जागी पांढऱ्या बारीक खुणांची ओळ दिसते आणि भिंगाने कधी कधी सुईची भोकंही. दुसरी तऱ्हा इताजिमे: कापडाची पंख्यासारखी घडी, तिची पुन्हा त्रिकोणी घडी, आणि ती दोन लाकडी फळ्यांत दाबायची. रंग फक्त उघड्या कडांतून आत शिरतो, त्यामुळे भौमितिक जाळी येते. बाहेरच्या पदरावर ती गडद आणि आतल्या पदरांवर फिकी होत जाते. खांबावर कापड तिरपं गुंडाळून, दोरा वेढून, खाली ढकलून चुण्या पाडतात ती आराशी, म्हणजे वादळ. तिरप्या पावसासारख्या रेषा येतात. राजस्थानचं लहरिया हे त्याच विचाराचं आहे, तिथे मात्र कापड तिरपं वळून दोऱ्याने ठिकठिकाणी बांधतात.

शिबोरीच्या निळ्याला खोली येते ती नीळ ज्या रीतीने चढते त्यामुळे. पिंपातून कापड बाहेर आलं की हिरवट-पिवळं असतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. एका बुडवणीत रंग चुणीत फार आत जात नाही. अनेक बुडवण्यांनी उघडा भाग गडद होत जातो, आतला फिकाच राहतो. म्हणून पांढऱ्यापासून गडदपर्यंत छटा मिळते, तर बांधणीत कडं आणि जमीन यांची सीमा तुटक असते.

टाय-डायबद्दल थोडक्यात. टी-शर्टावरचा तो चक्राकार प्रकार १९६० च्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय झाला. कापड मध्यावर चिमटीत धरून पिळायचं, चपटी चकती झाली की रबर लावून त्रिकोणी फाका पाडायच्या, सोडा अ‍ॅशच्या पाण्यात भिजवून घ्यायचं आणि बाटलीने प्रत्येक फाकेवर वेगळा रंग ओतायचा. मग प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवायचं. रबर इथे फक्त आकार टिकवतं, रंग अडवण्याचं काम घड्याच करतात, तेही अर्धवट. म्हणून कडा पसरट असतात आणि दोन रंग भेटतात तिथे तिसरा होतो. निळा-पिवळा शेजारी असेल तर हिरवा छान येतो. लाल-हिरवा शेजारी ओतलात तर मध्ये मातकट तपकिरी पट्टा हमखास.

खरेदीच्या वेळी मी आधी कापड उलटं करते. गेल्या दिवाळीत एका प्रदर्शनात मला 'हाताची बांधणी' म्हणून जे विकलं गेलं ते छापील निघालं. घरी येऊन बघितलं तर मागची बाजू फिकी, सगळे ठिपके एकाच साच्याचे, कडं काटेकोर गोल. खऱ्या गाठीचा ठिपका दोन्ही बाजूंना सारखाच दिसतो, आणि बोट फिरवलं की बारीक उंचवटे लागतात. फक्त उंचवट्यांवर विसंबू नका, छापील कापडालाही चुरगळ पाडून विकतात. उलट खऱ्या बांधणीवर कडक इस्त्री झाली असेल तर ते उंचवटे जातात. अशा वेळी कड्याच्या मधला तो बिंदू शोधा, आणि शेजारच्या दहा ठिपक्यांत तो नेमका त्याच जागी आहे की हलतो आहे ते बघा. हाताने बांधलेल्यात तो हलतोच.

तुमच्याकडच्या कापडाचा मागच्या बाजूचा, उन्हात जवळून काढलेला फोटो टाका, मी बघून सांगते.