‘करेक्टेड’ रेटिक काउंट आणि पॉलिक्रोमेशिया

प्रश्न: काकूंचं हिमोग्लोबिन ८ आलंय, हिमॅटोक्रिट २५. रिपोर्टात ‘रेटिक्युलोसाइट काउंट ३ टक्के, करेक्टेड १.७’ असं आहे. नॉर्मलची मर्यादा २.५ पर्यंत छापली आहे. मग ३ जास्त धरायचा की १.७ नॉर्मल? ‘करेक्टेड’ म्हणजे लॅबनं आधीची चूक दुरुस्त केली का? खाली स्मिअरमध्ये ‘पॉलिक्रोमेशिया नाही’ लिहिलंय, त्याला मराठीत काय म्हणतात?

उत्तर: लॅबनं कसलीही चूक दुरुस्त केलेली नाही. ३ हा आकडा मोजलेला आहे आणि १.७ हा त्यावरून काढलेला आहे. इथं ‘करेक्टेड’साठी ‘दुरुस्त’ हा शब्द दिशाभूल करतो. मी ‘समायोजित’ म्हणेन. रुग्णाच्या रक्तात तांबड्या पेशी किती उरल्या आहेत, त्या मानानं जुळवून घेतलेला तो आकडा आहे. पण शब्द कोणताही घेतला तरी खरा मुद्दा आकड्याच्या अर्थाचा आहे. तिथं ३ ‘जास्त’ नाही आणि १.७ ‘नॉर्मल’ही नाही.

आधी रेटिक्युलोसाइट म्हणजे काय ते पाहू. अस्थिमज्जेत तयार झालेली तांबडी पेशी केंद्रक टाकून देते, तरी तिच्यात थोडा आरएनए शिल्लक असतो. ताज्या, न मारलेल्या पेशींमध्ये न्यू मेथिलीन ब्लू मिसळला की हा आरएनए गोळा होऊन निळ्या जाळीसारखा किंवा ठिपक्यांसारखा दिसतो. लॅटिनमध्ये ‘रेटिक्युलम’ म्हणजे छोटं जाळं, म्हणून हे नाव. मराठीत ‘जाळीपेशी’ म्हटलं तर कुणालाही कळेल. रक्तात आल्यावर साधारण एका दिवसात ही जाळी नाहीशी होते आणि पेशी पूर्ण वयात येते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणजे निरोगी माणसात रोज एक टक्क्याच्या आसपास पेशी बदलल्या जातात. जाळीपेशींचं नेहमीचं प्रमाण एक टक्क्याच्या आगेमागे असतं ते त्यामुळेच. हा आकडा म्हणजे मज्जेच्या एका दिवसाच्या उत्पादनाची मोजणी.

आता टक्केवारीतली गोम. समजा, १०० पेशींत १ नवी होती. काही कारणानं जुन्या पेशी कमी होऊन एकूण ५० च उरल्या, आणि मज्जा अजूनही तेवढीच, म्हणजे १ च नवी पेशी देते आहे. तरीही रिपोर्टात २ टक्के येणार. उत्पादन तसूभरही वाढलं नाही, छेद लहान झाला म्हणून टक्का फुगला. हा फुगवटा काढण्यासाठी हिमॅटोक्रिटचा, म्हणजे रक्ताचा किती टक्के भाग तांबड्या पेशींनी व्यापला आहे त्या आकड्याचा, आधार घेतात आणि ४५ हा निरोगी हिमॅटोक्रिट धरतात:

```
समायोजित टक्के = मोजलेले टक्के × हिमॅटोक्रिट ÷ ४५
३ × २५ ÷ ४५ = १.६७
```

म्हणून १.७. छापलेली मर्यादा मात्र हिमोग्लोबिन चांगलं असलेल्या माणसासाठी आहे. हिमोग्लोबिन ८ वर आलं असताना मज्जेनं नेहमीच्या दोन-तीन पट तरी काम करायला हवं, कारण मूत्रपिंडातून ‘पेशी वाढव’ असा एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाचा निरोप सतत येत असतो. तिथं १.७ म्हणजे मज्जा पुरेशी हललेली नाही. रिपोर्टात आकडा मर्यादेच्या आत असला की त्याच्यापुढे तारा येत नाही आणि नजर पुढे सरकते. अॅनिमियात ही मर्यादा वाचायचीच नसते, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण ती प्रत्येक रिपोर्टात ठळक छापलेली असते.

आता पॉलिक्रोमेशियाकडे येऊ. कोशात ‘बहुवर्णता’ मिळेल. पण त्यावरून पेशी रंगीबेरंगी दिसतात असं वाटतं आणि ते खरं नाही. या स्थितीचं जुनं नाव पॉलिक्रोमॅटोफिलिया, म्हणजे अनेक रंगद्रव्यांची ओढ. स्मिअर म्हणजे काचेवर पातळ पसरलेला रक्ताचा थेंब. ती काच लिशमनसारख्या रंगात बुडवली की हिमोग्लोबिन इओसिन ओढून गुलाबी होतं आणि आरएनए निळं द्रव्य ओढतं. कोवळ्या पेशीत दोन्ही असल्यामुळे ती दोन्ही रंग घेते आणि एकच मिश्र, निळसर-करडी छटा दिसते. पेशी आकारानंही मोठी असते. काच मेथॅनॉलनं स्थिर केलेली असल्यामुळे इथं जाळी बनत नाही, आरएनए सगळीकडे पसरलेला राहतो. ‘निळसर झाक’ असं सरळ म्हटलं तर मला ते ‘बहुवर्णते’पेक्षा अधिक नेमकं वाटतं. बोलताना डॉक्टर मात्र पॉलिक्रोमेशियाच म्हणतात.

प्रत्येक जाळीपेशी अशी निळसर दिसत नाही, फक्त सगळ्यात कोवळ्या दिसतात. हीच गोष्ट उपयोगी पडते. अॅनिमिया वाढला की मज्जा पेशींना घाईनं, वेळेआधी बाहेर सोडते. अशी पेशी रक्तात एका दिवसाऐवजी दोन किंवा अधिक दिवस जाळी घेऊन फिरते आणि आज मोजलेली उद्या पुन्हा मोजली जाते. म्हणून समायोजित आकड्याला आणखी एकदा भागतात: हिमॅटोक्रिट ३५ च्या आसपास असेल तर १.५ नं, २५ ला २ नं, १५ ला २.५ नं. येणाऱ्या आकड्याला रेटिक्युलोसाइट प्रॉडक्शन इंडेक्स म्हणतात. तो २ च्या खाली असला तर मज्जा कमी पडते आहे. ३ किंवा त्याच्या वर असला तर मज्जा जोमात आहे आणि पेशी बाहेर कुठेतरी नष्ट होताहेत किंवा वाहून जाताहेत. मधल्या पट्ट्यात ठाम बोलता येत नाही.

पण हा दुसरा भागाकार डोळे झाकून करायचा नसतो. स्मिअरमध्ये त्या मोठ्या निळसर पेशी दिसल्या तरच मज्जेनं घाई केली असं म्हणता येतं. तुमच्या रिपोर्टात ‘पॉलिक्रोमेशिया नाही’ आहे, म्हणून लॅब १.७ वरच थांबली हे बरोबर आहे. भागाकार केला असता तरी ०.८ आला असता, निष्कर्ष तोच राहिला असता.

हे दोन शब्द मिळून कारण कसं उलगडतात ते एका जोडीतून दाखवते. दोन रुग्ण घ्या. दोघांचं हिमोग्लोबिन ८, हिमॅटोक्रिट २५, डोळे किंचित पिवळे. दोघांचं अप्रत्यक्ष बिलिरुबिन, म्हणजे हिमोग्लोबिन मोडून बनणारं पिवळं द्रव्य, आणि फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारं विकर एलडीएच वाढलेलं, पेशींचं सरासरी आकारमान, म्हणजे एमसीव्ही, १०० च्या वर. एवढ्यावर दोघांच्याही तांबड्या पेशी रक्तात फुटताहेत असंच कुणीही म्हणेल.

पहिल्याचा रेटिक काउंट १२ टक्के. समायोजित केला की ६.७. स्मिअरमध्ये निळसर पेशी भरपूर, म्हणून २ नं भागून ३.३. मज्जा जोमात आहे. त्याच काचेवर लहान, गच्च भरलेल्या, मधला फिकट भाग नसलेल्या गोल पेशी दिसतात, त्यांना स्फेरोसाइट म्हणतात. म्हणजे पेशी खरोखरच नष्ट होताहेत. मग कूम्ब्स चाचणी करायची: ती पॉझिटिव्ह आली तर शरीर स्वतःच्याच पेशींवर प्रतिपिंडं चढवतं आहे असा अर्थ होतो, निगेटिव्ह आली तर आनुवंशिक स्फेरोसायटोसिसचा विचार पुढे येतो. एमसीव्ही वाढलेला दिसतो तो मोठ्या कोवळ्या पेशींमुळे, बी-१२ च्या कमतरतेमुळे नाही.

दुसऱ्याचा रेटिक काउंट ३ टक्के, समायोजित १.७, निळसर झाक नाही. स्मिअरमध्ये मोठ्या लंबगोल तांबड्या पेशी आणि सहा खंडांच्या केंद्रकाच्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. हे बी-१२ किंवा फॉलेटच्या कमतरतेचं चित्र आहे. मग बिलिरुबिन का वाढलं? अशा मज्जेत पेशी बनतात, पण डीएनए नीट तयार होत नसल्यानं बऱ्याचशा बाहेर पडण्याआधी मज्जेतच मरतात. त्यांच्या हिमोग्लोबिनपासून बनलेलं बिलिरुबिन आणि त्यांचं एलडीएच रक्तात येतं आणि रक्तात पेशी फुटल्याचा भास होतो. कारखाना मोडलेला असतानाही कचरा तेवढाच दिसतो, आणि बाहेर किती माल येतो हे फक्त जाळीपेशी सांगतात. बिलिरुबिन पाहून, प्रतिपिंडांमुळे पेशी फुटताहेत असं समजून स्टिरॉइड सुरू झालं तर या रुग्णाचं मूळ दुखणं तसंच राहील आणि बी-१२ अभावी नसांना इजा होत राहील.

तुमच्या काकूंचे आकडे दुसऱ्या रुग्णासारखे दिसतात, पण तेवढ्यावरून बी-१२ म्हणू नका. कमी समायोजित आकडा फक्त ‘मज्जा पुरेसं देत नाही’ एवढंच सांगतो. लोहाची कमतरता, मूत्रपिंडाचा जुना आजार, मज्जेचेच विकार हेही तिथंच येतात. त्यातला कोणता, याचा पुढचा सुगावा स्मिअरमधल्या पेशींच्या आकारावरून लागतो. लहान, फिकट पेशी आणि पेन्सिलसारख्या लांबट पेशी असतील तर वाट लोहाकडे जाते. रिपोर्टात पॉलिक्रोमेशियाच्या आधी-नंतर आणखी काही शब्द असतीलच, ते डॉक्टरांना नक्की विचारा.

वेळेचंही पाहायला हवं. अचानक रक्तस्राव झाल्यावर मज्जेला जोर धरायला साधारण आठवडा लागतो. दुसऱ्या दिवशीचा कमी रेटिक काउंट मज्जेचा दोष नसतो. उलट बी-१२ चं इंजेक्शन सुरू झाल्यावर तीन-चार दिवसांत जाळीपेशी वाढू लागतात आणि आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त होतात. त्या काळात रक्त घेतलं तर दुसरा रुग्ण पहिल्यासारखा दिसेल. रक्त चढवल्यानंतरच्या स्मिअरमध्ये तर दात्याच्या पेशी मिसळलेल्या असतात. म्हणून नमुना कोणत्या दिवशी घेतला आणि त्याआधी काकूंना काय दिलं होतं, हे रिपोर्टासोबत डॉक्टरांना सांगा.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवण्यासारखा आहे. पेशी खरोखर फुटत असतानाही रेटिक काउंट कोसळू शकतो. जन्मजात स्फेरोसायटोसिस किंवा सिकलसेल असलेल्या माणसाला पार्वोव्हायरस बी-१९ चा संसर्ग झाला की तो विषाणू मज्जेतल्या तांबड्या पेशींच्या पूर्वपेशी मारतो आणि आठवडाभर उत्पादन जवळजवळ थांबतं. जाळीपेशी शून्याच्या जवळ जातात, हिमोग्लोबिन झपाट्यानं खाली येतं. तिथं ‘मज्जा कमी पडते आहे, म्हणजे पेशी फुटत नाहीत’ असं म्हणणं चूक ठरतं. काचेवर स्फेरोसाइट किंवा विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसत असतात, निळसर पेशी मात्र एकही सापडत नाही.