घरचा ढोल, बाहेरचा बेस

प्रश्न: परदेशात वाढलेली मुले आई-वडिलांच्या देशातले आणि तिथले संगीत एकत्र कसे आणतात?

बहुधा ठेक्यापासून. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचे संगीतकार पंजाबी एमसी यांनी १९९८ साली ‘मुंडियां तो बच के’ या गाण्यात तुंबी या एकतारी पंजाबी वाद्याची छोटी, सतत फिरणारी धून एका अमेरिकन मालिकेच्या शीर्षकसंगीतातील बेसवर बसवली, गायन मात्र लाभ जंजुआ यांच्या अस्सल पंजाबी ढंगातच राहू दिले. म्हणूनच लग्नातल्या मावशींना आणि क्लबमधल्या मुलांना ते सारखेच आपले वाटले. माझ्या मते खरी कसोटी लयीची असते: भांगड्याच्या ढोलाची चाल झुलती असते, ड्रम मशीनचे ठोके मात्र समान अंतराने पडतात, त्यामुळे ढोल त्या चौकटीत ओढून बसवला की त्याचा झोका हरवतो, आणि हे नाचणाऱ्याच्या खांद्यांना सर्वांत आधी कळते.